रेघ ओढल्यानंतरचा स्पर्श

क्रिप्टोच्या चार्टवर रेघा ओढणाऱ्या कुणालाही विचारा, ट्रेंडलाइनवर विश्वास कधी टाकायचा? उत्तर बहुधा तयारच असतं: तीन स्पर्श झाले की. काही जण चार म्हणतात, अगदी सावध माणूस पाचही म्हणतो. आकड्यावरून वाद होतो, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. हे स्पर्श रेघ ओढण्याआधीचे की नंतरचे? माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. ती कळायला बिटकॉइनच्या २०२४ सालच्या चार्टइतकं सोयीचं उदाहरण मिळणार नाही, कारण त्या वर्षी मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत भाव दोन समांतर रेघांच्या मधून खाली सरकत राहिला आणि मग त्यातून बाहेर पडला.

आधी थोडी पूर्वतयारी. दैनिक चार्टवर रोज एक कँडल उमटते. तिचा जाड भाग म्हणजे दिवस सुरू होतानाचा आणि संपतानाचा भाव. वरखाली निघालेल्या बारीक काड्या म्हणजे दिवसभरात भाव कुठवर जाऊन परत आला त्याची खूण. या काड्यांना व्यापारी ‘विक’ म्हणतात. ज्या कँडलचं वरचं टोक दोन्ही बाजूंच्या चार-पाच कँडलांपेक्षा उंच असतं ते शिखर, आणि याच्या उलट तो तळ. या व्याख्येत एक गोष्ट दडलेली आहे. उजवीकडच्या चार-पाच कँडला उमटल्याशिवाय शिखर हे शिखर होतं हे कळतच नाही. म्हणजे रेघ ओढायला लागणारा प्रत्येक बिंदू आपल्या हाती काही दिवस उशिरानेच येतो.

भाव चढता असेल तर तळ जोडायचे, उतरता असेल तर शिखरं जोडायची आणि रेघ उजवीकडे पुढे न्यायची. ही झाली ट्रेंडलाइन. तिच्याच उताराची दुसरी रेघ समोरच्या बाजूच्या एखाद्या तळातून किंवा शिखरातून नेली की समांतर चॅनल तयार होतो. चार्टच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये याचं तयार हत्यार असतं. पहिल्या दोन क्लिकांनी एका बाजूची रेघ बसते, तिसऱ्या क्लिकने चॅनलची रुंदी ठरते. काम दहा सेकंदांचं आहे, आणि ते इतकं सोपं असणं हाच त्यातला धोका.

कोणत्याही दोन बिंदूंतून एक सरळ रेघ जातेच, मग बाजारात कल असो वा नसो. त्यामुळे पहिले दोन स्पर्श हा पुरावा नव्हे. त्या दोन बिंदूंवरून आपण रेघ ठरवली, इतकंच. ती खरी की खोटी याबद्दल त्यांना काही सांगता येत नाही. बाजारालाही ही रेघ ठाऊक आहे की काय, ही शंका पहिल्यांदा घ्यायला जागा मिळते ती तिसऱ्या स्पर्शाला. ‘तीन स्पर्श’ या नियमामागचं शहाणपण एवढंच आहे आणि ते बरोबर आहे.

पण चॅनलला हाच हिशेब लावा. चॅनल ठरवायलाच तीन बिंदू खर्च होतात, दोन एका बाजूचे आणि एक समोरचा. म्हणून ‘या चॅनलला तीन स्पर्श झालेत’ असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर त्याच्याकडे पुरावा शून्य आहे असं समजावं. चॅनलचा पहिला पुरावा म्हणजे चौथा स्पर्श.

आणि तिसरा किंवा चौथा स्पर्शसुद्धा योगायोगाने मिळू शकतो. समजा, चार्टवर ठळक अशी आठ शिखरं आहेत. आठांतून तीन-तीनची त्रिकुटं बनतात ५६. तीन शिखरं निव्वळ योगायोगाने एका रेषेत येण्याची शक्यता वीसात एक धरली, तरी दोन-तीन ‘त्रिस्पर्शी’ रेघा आपोआप सापडतील. डोळा त्याच शोधतो आणि बाकीची पन्नासेक त्रिकुटं विसरून जातो. म्हणून सगळा चार्ट समोर ठेवून, मागे वळून ओढलेल्या रेघेचे स्पर्श मोजण्याला फारशी किंमत नाही. शोधून काढलेल्या रेघेवर स्पर्श असायचेच.

आता २०२४ कडे. पुढचे आकडे बायनान्सवरच्या BTCUSDT या जोडीच्या दैनिक चार्टवरचे, डॉलरमध्ये आणि शंभराच्या आसपास गोळा केलेले आहेत. जानेवारीत अमेरिकेत बिटकॉइनच्या स्पॉट ईटीएफना परवानगी मिळाली, भाव चढत गेला आणि १४ मार्चला त्याने ७३,८०० चं तेव्हाचं सर्वोच्च शिखर गाठलं. तिथून उतरला आणि पुन्हा चढून ८ एप्रिलला ७२,८०० पर्यंत आला. दोन शिखरं मिळाली. एप्रिलच्या मध्यावर बसलेल्या माणसाने ती जोडली असती, तर २५ दिवसांत हजार डॉलर, म्हणजे रोज ४० डॉलर उतरणारी रेघ त्याला मिळाली असती.

मग भाव १ मेला ५६,५०० पर्यंत कोसळला, सावरला आणि २१ मेला ७२,००० ला पोचला. एप्रिलमधली रेघ तोवर उतरत ७१,१०० वर आली होती. म्हणजे भाव तिच्या नऊशे डॉलर वर गेला. २० मेची कँडलसुद्धा रेघेच्या किंचित वर, ७१,४०० च्या आसपास बंद झाली होती. कल तुटला, आता नवा उच्चांक, असं म्हणायला जागा होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात भाव पुन्हा ७२,००० ला टेकला आणि तिथून जो घसरला तो ५ जुलैला ५३,५०० वर जाऊन थांबला. रेघ तुटली होती खरी, पण त्यातून निष्पन्न काहीच झालं नाही.

अशा वेळी चार्ट पाहणारा माणूस काय करतो? रेघ थोडी सैल करून पुन्हा ओढतो. २९ जुलैला भावाने ७०,१०० चं आणखी एक शिखर केलं, तेव्हा ही नवी रेघ नीट बसली. १४ मार्चचं ७३,८०० आणि २९ जुलैचं ७०,१००. मध्ये १३७ दिवस, उतार ३,७०० डॉलर, म्हणजे दिवसाला २७ डॉलर. आता मधली शिखरं या रेघेवर तपासून पाहा. ८ एप्रिलला रेघ ७३,१०० वर होती आणि शिखर ७२,८००. २१ मेला रेघ आणि शिखर दोन्ही ७२,००० वर. ७ जूनला रेघ ७१,५०० वर, शिखर ७२,०००. तिन्ही ठिकाणी फरक एक टक्क्याच्या आत. पाच स्पर्शांची देखणी रेघ झाली. कुठल्याही पुस्तकात छापावी अशी.

मात्र ही रेघ ऑगस्ट उजाडण्याआधी अस्तित्वातच नव्हती. तिचा दुसरा आधारबिंदूच २९ जुलैचा आहे, आणि ते शिखर आहे हे कळायला आणखी चार-पाच दिवस जावे लागले. मधले तीन स्पर्श तिने भाकीत केलेले नाहीत. ते जमावेत म्हणूनच ती निवडली गेली आहे. एप्रिलमध्ये ज्याने रेघ ओढली होती त्याची रेघ वेगळी होती आणि ती तुटली होती. आज चार्ट उघडणाऱ्याला ती पहिली रेघ दिसत नाही, कारण ती कुणीतरी केव्हाच पुसून टाकलेली असते.

आता चॅनल पुरा करू. वरच्या रेघेची समांतर प्रत १ मेच्या ५६,५०० च्या तळातून काढली. उतार तोच, दिवसाला २७ डॉलर. रुंदी सुमारे १६,००० डॉलर. ५ जुलैला ही खालची रेघ ५४,७०० वर येते. त्या दिवशीचा तळ ५३,५००, म्हणजे सव्वादोन टक्के खाली. हा स्पर्श धरायचा का? बिटकॉइन एका दिवसात तीन-चार टक्के हलणं नेहमीचं आहे. तेव्हा रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच टक्क्यांची पट्टी स्पर्श म्हणून धरणं रास्त ठरतं, आणि ५ जुलै काठावर पास होतो. जे नाणं दिवसाला आठ-दहा टक्के हलतं, त्यासाठी पट्टी त्याच प्रमाणात रुंद लागेल. ही रुंदी रेघ ओढताना ठरवायची, भाव जवळ आल्यावर नव्हे. नाहीतर प्रत्येक चुकलेला नेम ‘जवळपास लागला’ म्हणून जमेस धरला जातो.

ऑगस्ट उजाडला तेव्हा या चॅनलची अवस्था अशी होती: वर पाच स्पर्श, खाली दोन. सातांपैकी तीन रेघा बसवण्यात खर्च झालेले आणि चार मागे वळून जुळवलेले. खरी परीक्षा एकही झालेली नव्हती.

ती झाली ५ ऑगस्टला. बँक ऑफ जपानने ३१ जुलैला व्याजदर वाढवले होते. स्वस्तात येन उसने घेऊन जगभर गुंतवणाऱ्यांना ती कर्जं फेडण्याची घाई झाली. सोमवारी जपानचा निक्केई निर्देशांक एका दिवसात १२ टक्क्यांहून अधिक पडला. बिटकॉइनच्या वायदे बाजारात उधारीवर घेतलेले सौदे सक्तीने विकले गेले. खालची रेघ त्या दिवशी ५३,९०० वर होती. भाव त्यातून सरळ खाली गेला, थेट ४९,००० पर्यंत. नऊ टक्के. ज्यांनी रेघेच्या जरा खाली स्टॉप लॉस लावला होता, त्यांचा माल तिथेच विकला गेला. आणि दिवस संपताना भाव कुठे बंद झाला? ५४,००० च्या आसपास. रेघेवर.

या एका कँडलवरून चार्टवाल्यांमधला एक जुना वाद समोर येतो. स्पर्श टोकावरून मोजायचा की बंद भावावरून? टोकं धरली तर ५ ऑगस्टला चॅनल मोडला. बंद भाव धरला तर त्याला कधी नव्हे इतका नेमका स्पर्श मिळाला. माझा कल मिश्र पद्धतीकडे आहे, आणि अनेक अनुभवी लोक तेच करतात: रेघ टोकांवरून ओढावी, पण ती तुटली की नाही हे बंद भावावरून ठरवावं. टोकं म्हणजे बाजाराने घाबरून किंवा हुरळून कुठवर धाव घेतली त्याची नोंद. बंद भाव म्हणजे दिवसभराच्या देवाणघेवाणीनंतर उरलेला करार. शिवाय क्रिप्टोच्या वायद्यांत सक्तीची विक्री इतक्या झपाट्याने होते की मिनिटभरात पाच टक्क्यांची काडी निघू शकते. तिच्यात कुणाचं मत असं नसतं. कोणतीही पद्धत घ्या, पण ती आधी ठरवून घ्या. एका स्पर्शाला टोक आणि दुसऱ्याला बंद भाव, असं सोयीनुसार करत गेलं तर कुठलीही रेघ कधीच तुटत नाही.

क्रिप्टोत ‘बंद भाव’ ही चीजही थोडी कृत्रिम आहे. हा बाजार शनिवार-रविवारीही बंद होत नाही. दैनिक कँडल संपते ती जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. रात्री अकरा वाजता ‘रेघ तुटली’ असा संदेश फिरतो, तेव्हा कँडलचे साडेसहा तास शिल्लक असतात. अमेरिकेतला दिवस तर तेव्हा ऐन भरात असतो.

दुसरी परीक्षा ६ सप्टेंबरला झाली. रेघ ५३,००० वर होती, तळ ५२,६०० चा झाला आणि भाव उसळून दिवसअखेर ५४,००० जवळ स्थिरावला. फरक एक टक्क्याच्या आत, कोणतीही ओढाताण न करता. एकूण जमा-खर्च मांडला तर या चॅनलला दोन्ही बाजू मिळून नऊ स्पर्श. त्यातले रेघ अस्तित्वात आल्यानंतरचे, म्हणजे खरोखर मोलाचे, दोन. चार्टवर नऊ ठिपके पाहून वाटणारा विश्वास आणि दोन कसोट्यांवर बसणारा विश्वास यांत अंतर आहे.

मोजण्याचाही एक नियम पाळावा लागतो. जूनच्या ५, ६ आणि ७ तारखेला भाव तिन्ही दिवस ७१,७०० ते ७२,००० च्या दरम्यान टेकून आला. हे तीन स्पर्श नव्हेत, एकच. रेघेपासून भाव लक्षात येण्याइतका दूर जाऊन परत आला, तरच पुढचा स्पर्श वेगळा धरावा. दूर म्हणजे किती? चॅनलच्या रुंदीचा एक तृतीयांश, हे माप मला व्यवहार्य वाटतं. २१ मेनंतर भाव ६६,३०० पर्यंत उतरला होता, म्हणजे साडेपाच हजारांहून अधिक. १६,००० चा तिसरा हिस्सा ५,३०० च्या आसपास येतो. म्हणून मे आणि जून हे दोन निरनिराळे स्पर्श ठरतात, तेही थोडक्यात.

स्पर्श वाढत गेले की रेघ बळकट होत जाते, असा सार्वत्रिक समज आहे. बिटकॉइनच्याच इतिहासात या समजाला सुरुंग लावणारं उदाहरण २०१८ सालचं आहे. डिसेंबर २०१७ च्या सुमारे १९,७०० च्या शिखरावरून भाव पडत ६ फेब्रुवारी २०१८ ला सहा हजारांच्या आसपास आला आणि तिथून उसळला. पुढचे नऊ महिने ‘सहा हजारांचा तळ’ ही जवळजवळ श्रद्धेची गोष्ट झाली होती. ही रेघ आडवी होती, पण तर्क तोच.

प्रत्येक स्पर्शानंतरची उसळी पाहा. फेब्रुवारीतल्या तळावरून भाव मार्चच्या सुरुवातीला ११,७०० पर्यंत गेला, म्हणजे जवळपास दुप्पट. एप्रिलमध्ये तळ जरा वरच, ६,४०० च्या पुढे झाला आणि उसळी आली साधारण ५५ टक्क्यांची. जूनअखेरच्या ५,८०० वरून जुलैत ८,५००, म्हणजे ४६-४७ टक्के. ऑगस्टच्या मध्यावर ५,९०० वरून सप्टेंबरच्या सुरुवातीला ७,४००, पंचवीसेक टक्के. सप्टेंबरमध्ये पुन्हा ६,१०० च्या जवळून जेमतेम दहा-अकरा टक्के. स्पर्शांची संख्या वाढत होती आणि प्रत्येक स्पर्श आधीपेक्षा दुबळा होत होता. १४ नोव्हेंबरला तळ फुटला. बिटकॉइन कॅशच्या फुटीवरून त्या आठवड्यात दोन गटांत जुंपली होती, ते निमित्त झालं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत भाव ३,२०० च्या आसपास होता.

असं का होतं याचं कारण गूढ नाही. तळाच्या रेघेवर भाव टिकतो तो तिथे थांबलेल्या खरेदीदारांमुळे. प्रत्येक वेळी भाव तिथे आला की त्यांतले काही जण खरेदी उरकून मोकळे होतात. उन्हाळ्यात सारखी उपसलेली विहीर जशी प्रत्येक खेपेला कमी पाणी देते, तसा तो साठा आटत जातो. दुसरीकडे, ज्यांनी खरेदी केली त्यांचे स्टॉप लॉस त्याच रेघेच्या जरा खाली साचत जातात. पाचव्या-सहाव्या स्पर्शापर्यंत वर खरेदीदार विरळ आणि खाली विक्रीच्या ऑर्डरींचा ढीग, अशी स्थिती येते. रेघ सगळ्यांना दिसू लागते तेव्हा ती सर्वांत भरवशाची वाटते, आणि नेमकी तेव्हाच तिच्या खाली सर्वांत जास्त माल विकायला टांगलेला असतो.

म्हणून स्पर्शांची नुसती संख्या सांगण्यापेक्षा दोन स्पर्शांतलं अंतर आणि प्रत्येक स्पर्शानंतरची झेप सांगणं अधिक उपयोगाचं. अंतर कमी होत चाललं आणि झेप आखडत चालली, तर तो स्पर्श विश्वास वाढवणारा नाही. तीन-चार दमदार, विखुरलेले स्पर्श सात-आठ मरगळलेल्या स्पर्शांपेक्षा मला बरे वाटतात.

त्याच पडझडीतली आणखी एक रेघ दाखवण्यासारखी आहे. १७ डिसेंबर २०१७ चं १९,७०० चं शिखर आणि ६ जानेवारी २०१८ चं १७,२०० चं शिखर जोडा. वीस दिवसांत २,५०० डॉलर, दिवसाला १२५. ही रेघ सरळ पुढे नेली तर २४ मे २०१८ च्या सुमारास शून्याला टेकते. बिटकॉइन फुकट. साध्या मापपट्टीवर ओढलेल्या रेघेचं हे हमखास होतं, कारण तिच्यावर हजार डॉलरची घसरण वीस हजारांवरून असो की सहा हजारांवरून, सारखीच उंची घेते. लॉग मापपट्टीवर सारख्या टक्केवारीला सारखी उंची मिळते. तेच दोन बिंदू तिथे जोडले, तर दर वीस दिवसांना सुमारे पावणेतेरा टक्के घट अशी रेघ होते आणि ५ मार्चला ती ११,६०० वर येते. त्या दिवशीचं शिखर होतं ११,७०० च्या आसपास. साध्या मापपट्टीवरची रेघ तोवर दहा हजारांच्याही खाली गेली होती आणि फेब्रुवारीतच ‘तुटली’ होती.

पण या सुरेख तिसऱ्या स्पर्शालाही एक टाचणी लावून ठेवतो. डिसेंबरचं शिखर काही एक्स्चेंजांवर वीस हजारांच्या जवळ नोंदलं गेलं. पहिला बिंदू १९,७०० ऐवजी २०,००० धरला आणि दुसरा तसाच ठेवला, तर लॉग रेघ ५ मार्चला ११,१०० वर पडते. सुरुवातीला तीनशे डॉलरचा फरक, अडीच महिन्यांनंतर पाचशेचा, आणि ‘अचूक स्पर्श’ झाला त्याच्या जागी ‘रेघ तुटली’. आधाराचे दोन बिंदू एकमेकांच्या फार जवळ असले की रेघेचं पुढचं टोक असं हेलकावतं. २०२४ च्या वरच्या रेघेचे आधार साडेचार महिन्यांच्या अंतरावर होते, म्हणून ती इतकी नाजूक नव्हती. रेघ पुढे जितकी न्यायची, आधार निदान तितक्याच अंतरावर असावेत, हा एक साधा ठोकताळा. २०२४ साली भाव शिखराच्या तिसऱ्या हिश्श्याहून फारसा अधिक कधी पडला नाही आणि रेघेचा उतारही सौम्य होता, त्यामुळे दोन्ही मापपट्ट्यांवर चित्र फारसं बदलत नाही. वर्षभराचा चार्ट असेल किंवा भाव निम्मा-दुप्पट झाला असेल, तर लॉगच वापरावी.

एक्स्चेंजचा मुद्दा भारतीय वाचकाला जास्त लागू आहे. इथल्या अॅपवर रुपयात दिसणाऱ्या भावात बिटकॉइनचा डॉलरमधला भाव आणि टेदर या डॉलरशी बांधलेल्या नाण्याचा रुपयातला भाव, असे दोन्ही मिसळलेले असतात. टेदर महाग झाला की बिटकॉइन जागचा न हलताही रुपयाच्या चार्टवर रेघ ओलांडतो. टेदरचा असा प्रताप २०१८ च्या १५ ऑक्टोबरला जगाने पाहिला. टेदरवरचा विश्वास डळमळला आणि तो डॉलरच्या खाली घसरला, तेव्हा बिटफिनेक्सवर बिटकॉइन साडेसात हजारांच्या वर गेला, तर कॉइनबेसवर त्याच दिवशी तो सात हजारांच्या खालीच होता. एका चार्टवर उतरती रेघ तुटली, दुसऱ्यावर शाबूत. रेघा मोठ्या उलाढालीच्या डॉलर चार्टवर ओढाव्यात, सौदा कुठेही करा. आणि सौदा करणाऱ्याने हेही धरावं की भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे, शिवाय एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. दहा रेघांपैकी सहा बरोबर आणि चार चूक निघाल्या, तर कर सहांवर पूर्ण लागतो. अरुंद चॅनलमध्ये वरखाली सौदे करणाऱ्याचा हिशेब इथेच बिघडतो.

आता २०२४ च्या चॅनलचं पुढे काय झालं ते पाहू. सप्टेंबरच्या दुसऱ्या स्पर्शानंतर भाव चढला आणि २७ तारखेला ६६,५०० पर्यंत पोचला. वरची रेघ दोन हजार डॉलर वर होती. तिला न शिवता तो फिरला. रेघेपर्यंत पोचायची ताकद नाही, म्हणजे आता खालच्या रेघेकडे, असा कयास त्यावर बांधता आला असता. पण १० ऑक्टोबरला तो ५८,९०० वरच थांबला. खालची रेघ ५२,१०० वर होती, जवळजवळ सात हजार डॉलर दूर. भाव एका बाजूला टेकायचा थांबला, की चॅनल आपली पकड सोडू लागला असं मानतात. ही खूण स्पर्शातून मिळत नाही, न झालेल्या स्पर्शातून मिळते. स्पर्श मोजणाऱ्याच्या नजरेतून ती सहज निसटते.

२० ऑक्टोबरला कँडल ६९,००० वर बंद झाली. रेघ ६७,९०० वर होती. पावणेदोन टक्के वर. ब्रेकआउट? रॉबर्ट एडवर्ड्स आणि जॉन मॅगी यांनी १९४८ साली शेअर बाजाराच्या चार्टांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात रेघ खरोखर तुटली असं म्हणायला बंद भाव तीन टक्क्यांनी पलीकडे हवा असा दंडक आहे. त्या दंडकाने हे तुटणं ग्राह्य नव्हतं, आणि दुसऱ्याच दिवशी भाव पुन्हा रेघेखाली बंद झाला. २३ तारखेला तर ६५,३०० पर्यंत उतरला. मग २८ ऑक्टोबरला बंद भाव जवळपास ७०,०००, रेघ ६७,६००. साडेतीन टक्क्यांच्या जवळ. यावेळी तुटणं खरं ठरलं. पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा, शेअरांसाठी केलेला आकडा इथे चपखल बसला याचं मला कौतुक आहे. पण एका चार्टवरून तो बिटकॉइनला कायमचा चिकटवण्याचं धाडस मी करणार नाही. वादळी महिन्यात तीन टक्के म्हणजे एका दुपारची हालचाल.

४ नोव्हेंबरला, अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या आदल्या दिवशी, भाव खाली येऊन तुटलेल्या रेघेला वरून टेकला. रेघ ६७,५०० वर, दिवसाचा तळ ६६,८००, बंद भाव ६७,८०० च्या आसपास. जी रेघ महिनोन् महिने छत होती, तिने जमिनीचं काम केलं. रेघ अस्तित्वात आल्यानंतर वरच्या बाजूचा हा पहिला मोलाचा स्पर्श म्हणता येईल, आणि तो आला चॅनल संपल्यावर. दोन दिवसांनी मार्चचा उच्चांक मागे पडला. चॅनलची रुंदी ब्रेकआउटच्या जागेत मिळवून लक्ष्य काढायची एक प्रथा आहे. ६७,६०० अधिक १६,००० म्हणजे ८३,६००. ११ नोव्हेंबरला भाव ते ओलांडून गेला आणि ५ डिसेंबरला एक लाख डॉलरच्या वर पोचला. त्या शेवटच्या सोळा हजारांबद्दल या दोन रेघांकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं.